पिवळा दिवा आणि जड स्टिअरिंग

गाडीची चावी ‘ऑन’ केली की डॅशबोर्डवर एकदम लागणाऱ्या दिव्यांमध्ये स्टिअरिंगचे छोटे चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असलेला एक दिवा असतो. काही गाड्यांत चित्राऐवजी नुसती EPS ही अक्षरे उमटतात. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत हा दिवा विझला पाहिजे. सुरुवातीचे ते लागणे म्हणजे दिव्याची स्वतःची परीक्षा असते. चावी ‘ऑन’ केल्यावर तो अजिबात लागलाच नाही, तर दिवा किंवा त्याची वायर गेलेली आहे, आणि पुढे खरा बिघाड झाला तरी चालकाला काही कळणार नाही. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावे. सतत लागणाऱ्या दिव्याचा बंदोबस्त दुरुस्तीऐवजी दिवाच काढून करणारे विक्रेते असतात.

इंजिन सुरू झाल्यावरही दिवा विझला नाही किंवा चालत्या गाडीत लागला, तर त्याचा अर्थ एवढाच की स्टिअरिंगला विजेच्या मोटरकडून मिळणारी मदत बंद पडली आहे किंवा कमी झाली आहे. काही कंपन्या यातही भेद करतात. मदत कमी झाली तर पिवळा दिवा आणि पूर्ण गेली तर लाल. बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र एकच रंग असतो आणि दोन्ही प्रसंगी तोच लागतो. आपल्या गाडीत कोणता रंग काय सांगतो, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते.

दिवा लागला म्हणजे स्टिअरिंग तुटले किंवा चाकांशी त्याचा संबंध सुटला, असा मात्र त्याचा अर्थ नाही. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हातातल्या चाकापासून पुढच्या टायरपर्यंत लोखंडाची अखंड साखळी असते. स्टिअरिंगचा दांडा खाली एका लहान दातेरी चाकाला फिरवतो, ते चाक रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावीकडे-उजवीकडे सरकवते आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाके वळवतात. मोटर या साखळीच्या बाजूला बसवलेली असते. ती साखळीला जोर देते, साखळीची जागा घेत नाही. सुझुकीने १९८८ मध्ये ‘सर्व्हो’ या जपानमधल्या चिमुकल्या गाडीत ही व्यवस्था पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून मूळ रचना हीच आहे.

मोटरला किती जोर लावायचा हे कळते ते दांड्याच्या मध्ये बसवलेल्या एका बारीक पोलादी सळईमुळे. चालकाने स्टिअरिंग फिरवले की टायरच्या विरोधामुळे ही सळई काही अंशांनी पिळली जाते. पीळ जितका जास्त तितका चालकाचा जोर जास्त. टॉर्क सेन्सर हा पीळ मोजून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि तो संकेत कंट्रोल युनिटकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीयूकडे जातो. ईसीयू त्यासोबत गाडीचा वेगही पाहतो. पार्किंगमध्ये मदत भरपूर आणि वेग वाढेल तशी कमी, असे गणित त्यात भरलेले असते. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका बोटाने फिरते आणि हायवेवर तेच थोडे घट्ट लागते, त्याचे कारण हे आहे. तो बिघाड नव्हे.

टॉर्क सेन्सर चुकीचे सांगू लागला तर काय होईल, या प्रश्नाने ही यंत्रणा बनवणाऱ्यांना सर्वाधिक छळले आहे. चालकाने काहीच न करता सेन्सरने ‘उजवीकडे जोर आहे’ असा खोटा संकेत दिला, तर मोटर खरोखरच गाडी उजवीकडे ओढेल. म्हणून सेन्सरकडून एकाच वेळी दोन स्वतंत्र संकेत घेतले जातात आणि ईसीयू ते एकमेकांशी सतत ताडून पाहतो. दोघांत मेळ बसेनासा झाला की कोणता खरा हे शोधत बसण्यापेक्षा मोटरचा पुरवठाच तोडला जातो आणि दिवा लावला जातो. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ २६२६२ मध्ये धोक्यांच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीने पाहिले असता स्टिअरिंग आपोआप फिरण्याचा धोका सर्वांत वरच्या पायरीवर जातो. मदत नसलेले जड स्टिअरिंग चालकाला पेलता येते, पण स्वतःच्या मनाने वळणारे पेलत नाही, हा त्यामागचा हिशोब. म्हणजे दिवा लागणे हा बऱ्याचदा यंत्रणेने विचार करून घेतलेला निर्णय असतो. तो निर्णय मूळ बिघाडापेक्षा कमी धोक्याचा आहे, एवढेच.

मदत गेल्यावर स्टिअरिंग किती जड होते, याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण ते गाडीच्या वजनापेक्षाही तिच्या वेगावर अवलंबून आहे. गाडी पूर्ण थांबलेली असताना स्टिअरिंग फिरवले तर टायरचा जमिनीला टेकलेला सगळा भाग रस्त्यावर जागच्या जागी घासून पिळावा लागतो. सगळ्यात जास्त विरोध याच वेळी होतो. टायरवरचा भार दुप्पट झाला की हा विरोध दुप्पट नव्हे, तर जवळजवळ पावणेतीन पट होतो, आणि हवा कमी असली की आणखी वाढतो. दोन माणसे बसलेल्या छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांवर साधारण ६०० किलो भार धरला तर ढोबळ हिशोबाने थांबलेल्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायला कडेवर ८ ते १० किलो वजनाइतका जोर लागतो. मदत चालू असताना हेच काम २ किलोच्या आसपास होते. पुढच्या चाकांवर १००० किलो भार असलेल्या मोठ्या गाडीत हा आकडा १६ ते २० किलोपर्यंत जातो. दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून ते जमते, पण एका हाताने मोबाइल धरून नक्कीच नाही.

चाके फिरू लागली की चित्र पालटते. टायर आता जागच्या जागी घासत नाही, गोल फिरता फिरता हळूहळू दिशा बदलतो, आणि विरोध झपाट्याने उतरतो. माणसाच्या चालीच्या वेगातसुद्धा फरक जाणवतो. हायवेवर सरळ जाताना मोटरची मदत मुळातच थोडी असते, त्यामुळे ती गेल्याचे काही चालकांना दिवा पाहूनच कळते. हात सांगत नाहीत. फसगत इथेच होते. साठच्या वेगात स्टिअरिंग ठीक वाटले म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष होते, आणि खरी ओळख पुढे टोलनाक्यावर लेन बदलताना, पेट्रोल पंपावर वळताना किंवा गल्लीत यू-टर्न घेताना होते.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे वळणाच्या मध्यावर मदत जाणे. वळणात टायर स्वभावतः सरळ होऊ पाहतात आणि स्टिअरिंगला उलट दिशेने ओढतात. मदत चालू असताना ही ओढ बरीचशी मोटर पेलत असते, हाताला तिचा छोटा वाटाच जाणवतो. पुरवठा तुटताच सगळी ओढ एका क्षणात हातावर येते. स्टिअरिंग घट्ट झाले किंवा अडकले असे चालकाला वाटते, पण प्रत्यक्षात ते सरळ होण्याकडे झटका देत असते. सैल हातांनी धरलेले असेल तर गाडी वळणाबाहेर सरकते. घाटातल्या तीव्र वळणावर, वीस-पंचवीसच्या वेगात, डावीकडे दरीचा कठडा आणि समोरून येणारा ट्रक असताना अंगबळापेक्षा हा आकस्मिकपणाच जास्त घातक ठरतो. बऱ्याच यंत्रणा बिघाडाचे स्वरूप परवानगी देत असेल तर मदत एकदम न तोडता हळूहळू उतरवतात. नव्या काही गाड्यांत मोटरच्या वेटोळ्यांचे दोन स्वतंत्र संच असतात, त्यामुळे एक गेला तरी दुसऱ्याकडून निम्म्याच्या आसपास मदत सुरू राहते. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसते.

‘पूर्वीच्या गाड्यांना कुठे पॉवर स्टिअरिंग होते?’ असे म्हणणारे जुने चालक अर्धेच बरोबर असतात. त्या गाड्यांचे दात मुळातच हलक्या हाताने फिरावेत असे ठरवलेले असत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला स्टिअरिंगचे चारएक फेरे लागत. मदत गृहीत धरून बनवलेल्या आजच्या गाडीत हेच काम तीनच्या आसपास फेऱ्यांत होते. फेरे कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. शिवाय बंद पडलेली मोटर साखळीतून सुटत नाही. तिला जोडणारे दात आणि तिचा फिरणारा गाभा चालकालाच सोबत फिरवावा लागतो. म्हणून तेवढ्याच वजनाच्या जुन्या साध्या गाडीपेक्षा मदत गेलेली नवी गाडी जड लागते.

ती किती जड असली तर चालेल यालाही मर्यादा घातलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम ७९ नुसार प्रवासी गाडी ताशी १० किलोमीटरने सरळ जात असताना, मदत बंद असतानाही, चार सेकंदांत २० मीटर त्रिज्येच्या वळणात नेता आली पाहिजे आणि त्यासाठी स्टिअरिंगच्या कडेवर ३०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ३० किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. यंत्रणा धडधाकट असताना हीच मर्यादा निम्मी आहे आणि वळण १२ मीटर त्रिज्येचे, म्हणजे जास्त आवळते. नियमाने मान्य केलेला ३० किलोचा जोर धडधाकट माणसालाही सहज वाटणारा नाही. चणीने लहान किंवा वयस्क चालकाच्या दृष्टीने तो वळण हुकवायला पुरेसा आहे.

अमेरिकेतल्या ‘शेव्हरोले कोबाल्ट’ या गाडीच्या प्रकरणात हे सगळे एकत्र दिसले. या गाडीत मदतीची मोटर डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली होती. चालत्या गाडीत अचानक घंटा वाजून PWR STR असा संदेश उमटतो आणि स्टिअरिंग जड होते, अशा तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने जानेवारी २०१० मध्ये चौकशी सुरू केली. तोवर अकराशेहून अधिक तक्रारी जमल्या होत्या आणि त्यांत १४ अपघात व एका व्यक्तीला झालेली इजा यांचा समावेश होता. मार्च २०१० मध्ये जनरल मोटर्सने कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्या मिळून सुमारे १३ लाख गाड्यांची मोटर बदलून देण्याचे जाहीर केले. कंपनीचे म्हणणे असे होते की मदत गेली तरी गाडी चालकाच्या ताब्यात राहते, फक्त ताशी १५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरच्या खालच्या वेगात जास्त जोर लागतो. तांत्रिकदृष्ट्या हे खोटे नव्हते. पण अपघात झालेच, आणि कारण उघड आहे. चालकाला किती जोर लावता येतो हा एक प्रश्न, आणि तो जोर लावायचा आहे हे त्याला कोणत्या क्षणी कळते हा दुसरा. २०१४ मध्ये कंपनीला याच कारणासाठी आणखी १३ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

दिवा लागून स्टिअरिंग जड झाले तर त्या क्षणी करण्यासारखे फार थोडे असते. दोन्ही हातांनी, चाकाच्या दोन बाजूंना घट्ट धरून चालू वळण पूर्ण करणे हे पहिले काम. मग वेग कमी करत सुरक्षित कडेला थांबावे. थांबताना अगदी शेवटच्या क्षणी तीव्र वळण घ्यावे लागेल अशी जागा निवडू नये, कारण वेग जितका कमी तितके स्टिअरिंग जड. अरुंद जागेतून बाहेर काढताना गाडी पुढे किंवा मागे किंचित सरकत असतानाच स्टिअरिंग फिरवावे, उभ्या गाडीत नाही.

चालत्या गाडीत चावी बंद-चालू करून दिवा घालवण्याचा मोह अनेकांना होतो. चावी मागे फिरली की इंजिन जाते, ब्रेकला मिळणारी हवेच्या पोकळीची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि चावी पूर्ण काढली गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची जी सवय काही चालकांना आहे, ती नेमकी हीच अवस्था मुद्दाम ओढवून घेते. गाडी पूर्ण थांबवून, इंजिन बंद करून, मिनिटभराने पुन्हा सुरू करायला मात्र हरकत नाही. अनेकदा दिवा विझतो आणि मदत परत येते. याला दुरुस्ती समजू नये. ईसीयूने फक्त नव्याने तपासणी केली आणि त्या घडीला दोष दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. येत-जात राहणारा बिघाड कायमच्या बिघाडापेक्षा वाईट, कारण तो वळणाच्या मध्यावर यायला मोकळा असतो.

कारण शोधताना गॅरेजमध्ये पहिली नजर मोटरवर जाते, ती खरे तर बॅटरीवर जायला हवी. पार्किंगमध्ये स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवताना ही मोटर ५०-६० अँपियरपर्यंत, मोठ्या गाडीत त्याहूनही जास्त वीज ओढते. म्हणून तिला स्वतंत्र जाड फ्यूज असतो. बॅटरी थकलेली असेल, अल्टरनेटर पुरेसा भरत नसेल किंवा बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजली असेल तर नेमक्या याच क्षणी व्होल्टेज कोसळते आणि ईसीयू मदत तोडतो. साधा मल्टिमीटर पुष्कळ काही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा. आयडलवर स्टिअरिंग फिरवताना हेडलाइट ठळकपणे मंदावत असतील आणि दिवाही तेव्हाच लागत असेल, तर नवे स्टिअरिंग कॉलम मागवण्याआधी बॅटरी, अल्टरनेटरचा पट्टा आणि अर्थिंग तपासणे शहाणपणाचे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट केल्यावर लागलेला दिवा पुष्कळदा याच जातीचा असतो.

बॅटरी काढून परत जोडल्यावर लागलेल्या दिव्याचे कारण निराळे. काही गाड्यांत वीज तुटल्यावर स्टिअरिंगचा मध्यबिंदू यंत्रणेच्या आठवणीतून जातो. इंजिन सुरू करून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि पुन्हा मध्यावर आणून थोडे सरळ चालवले की बऱ्याच गाड्यांत तो परत सापडतो. काहींना स्कॅनर लावावाच लागतो.

गर्मीचीही एक तऱ्हा आहे. अरुंद जागेत गाडी बसवताना स्टिअरिंग पुन्हापुन्हा टोकापर्यंत नेऊन तिथेच दाबून धरले की मोटर आणि ईसीयू तापतात. जळण्याआधी यंत्रणा मदत हळूहळू आवरते. स्टिअरिंग जड होत जाते, दिवा लागेलच असे नाही, आणि काही मिनिटे विश्रांती दिली की सगळे पूर्ववत. टोकाला पोचल्यावर चाक किंचित सैल सोडण्याची सवय यावर पुरते औषध आहे.

याशिवाय उरतात ते खरे बिघाड. टॉर्क सेन्सर, मोटरचे ब्रश, ईसीयू, पाणी शिरून हिरवे पडलेले कनेक्टर आणि पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. यांत फरक करायला स्कॅनर लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे, P अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. स्टिअरिंगचे कोड C किंवा U ने सुरू होतात. U0131 हा कोड आला तर गाडीच्या बाकीच्या यंत्रणांना स्टिअरिंगच्या ईसीयूशी संपर्कच साधता येत नाही. अशा वेळी आधी फ्यूज आणि वायरिंग तपासायचे, मोटर नंतर. स्वस्त स्कॅनरने ‘काही दोष नाही’ म्हटले आणि दिवा जळतच राहिला, तर स्कॅनर चुकीचा आहे. टॉर्क सेन्सर सुटा बदलायला मिळत नाही अशा गाड्याही बऱ्याच आहेत. अख्खे कॉलम बदलावे लागते आणि नंतर सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने नव्याने बसवावा लागतो. तो बसवला नाही तर सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते.

हा दिवा विजेचे दोष पाहतो. साखळीतले यांत्रिक दोष त्याला सहसा दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सिव्हिक, सीआर-व्ही आणि इतर काही मॉडेलच्या सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्टिअरिंगमध्ये मोटरचा जोर पुढे देणारे दातेरी चाक सदोष बनले होते. ते फुगून आणि ग्रीसचा थर अपुरा पडून घर्षण वाढत होते, आणि चालकांना हायवेवर छोटी दुरुस्ती करताना स्टिअरिंग चिकटून मग सुटल्यासारखे वाटत होते. मोटर, सेन्सर, ईसीयू सगळे आपापल्या जागी ठीक असताना हा दोष होता. त्यामुळे दिवा लागलेला नसताना स्टिअरिंग जड वाटू लागले तर आधी पुढच्या टायरमधली हवा मोजावी. ती ठीक असेल तर टाय रॉड, बॉल जॉइंट आणि दांड्याचा सांधा पाहायचा. स्टिअरिंग सगळीकडे सारखे जड आहे, ठरावीक कोनातच अडते, की वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, एवढे चालकाने नीट सांगितले तर मेकॅनिकचा अर्धा शोध तिथेच संपतो. सगळीकडे सारखा जडपणा बहुधा मदतीचा किंवा हवेचा, ठरावीक जागी अडणे दांड्याच्या सांध्याचे किंवा दात्यांचे, आणि सरळ न होणे बहुधा सांध्यांतल्या किंवा दात्यांतल्या घर्षणाचे किंवा बिघडलेल्या अलाइनमेंटचे लक्षण असते.